‘हो’च्या पुढचे वाक्य

अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात एका बालमार्गदर्शन केंद्रात कार्ल रॉजर्स हा तरुण मानसशास्त्रज्ञ १९२८ पासून बारा वर्षे काम करत होता. तिथे एक आई आपल्या खोडकर मुलाची तक्रार घेऊन यायची. त्रासाचे मूळ रॉजर्सला लगेच दिसले होते. मुलगा लहान असताना आईने त्याला मनापासून स्वीकारले नव्हते. ही गोष्ट तिच्या लक्षात यावी म्हणून तो भेटीमागून भेटी खटपट करत राहिला. तिने सांगितलेलेच जुळवून, हळुवारपणे तिच्यापुढे ठेवून पाहिले. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्याने मोकळेपणाने सांगितले की आपण दोघांनीही प्रयत्न केले, पण जमलेले नाही, तेव्हा थांबू या. तिनेही ते मान्य केले. हस्तांदोलन झाले, ती दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली की तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही समुपदेशनासाठी घेता का? तो ‘हो’ म्हणाला. ती परत येऊन खुर्चीत बसली आणि आपल्या संसाराबद्दल, नवऱ्याशी बिघडलेल्या नात्याबद्दल, आपण हरल्याच्या भावनेबद्दल बोलू लागली. आतापर्यंत केंद्राच्या कागदांवर उतरलेल्या माहितीशी या बोलण्याचे काही नातेच नव्हते. पुढे तिचेही बरे झाले आणि मुलाचेही. रॉजर्सने हा प्रसंग १९६१ सालच्या आपल्या पुस्तकात स्वतःच नोंदवला आहे.

एका समाजकार्यकर्तीकडून आपण भावना ऐकायला शिकलो, हेही त्याने लिहून ठेवले आहे. बोलणाऱ्याच्या शब्दांमागे जे आहे ते ऐकायचे आणि ऐकलेले त्याला परत सांगायचे, एवढीच ती युक्ती होती. पुढे १९४० च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी समुपदेशनाची सत्रे ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. त्या काळी तबकड्यांवर मुद्रण होई आणि दर काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागे. १९४२ च्या त्याच्या पुस्तकात एका माणसाच्या आठही सत्रांचे संवाद शब्दशः छापले आहेत. बंद दाराआड काय चालते हे तोवर समुपदेशकाच्या आठवणीवरूनच कळत असे. मुद्रणे ऐकल्यावर त्या तरुण समुपदेशकांना स्वतःचे आवाज ओळखीचे वाटेनात. आपण ऐकतो आहोत असे ज्यांना वाटत होते, ते बराच वेळ सुचवत, ढकलत, वळवत होते.

आज महाराष्ट्रात समुपदेशनाचा अभ्यासक्रम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या काही आठवड्यांतच हे कौशल्य शिकवतात. साठच्या दशकाच्या अखेरीस कोलोरॅडोत ॲलन आयव्ही यांनी त्याचे सुटे भाग केले. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडणे, त्याची भावना शब्दांत पकडणे आणि बरेच बोलून झाल्यावर सारांश सांगणे, हे त्यांतले तीन. भाग सुटे झाल्यामुळे शिकवणे सोपे झाले. घोटाळाही तिथेच सुरू झाला. विद्यार्थी सूत्र पाठ करून खोलीत जातात आणि दर तिसऱ्या वाक्याला म्हणतात, “म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का की...” समोरचा माणूस दोन-तीनदा सहन करतो. मग त्याला वाटते की आपल्याला ऐकू येत नाही असा काहीतरी समज झाला असावा.

आपल्या पद्धतीचे हे पोपटपंचीचे सोंग रॉजर्सला फार सलत असे. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९८६ मध्ये, त्याने एका छोट्या लेखात स्पष्टच लिहिले की आपण समोरच्याची भावना ‘परावर्तित’ करत नसतो. त्याच्या आतल्या जगाबद्दल आपली जी समज झाली आहे, ती बरोबर आहे का हे तपासून घेत असतो. प्रत्येक प्रतिसादामागे एक न उच्चारलेला प्रश्न असतो, की तुमच्या बाबतीत हे असेच आहे ना? नव्या समुपदेशकाने एवढे जरी धरून ठेवले, तरी निम्म्या चुका टळतात. आपण बोललो ते वाक्य म्हणजे एक अंदाज आहे. तो खरा की खोटा, हे ठरवण्याचा अधिकार समोरच्याकडे आहे. तो निकाल त्याच्या पुढच्या वाक्यात मिळतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासाठी एक कल्पित सत्र घेऊ. प्रशिक्षणवर्गात अशी सत्रे रचून सरावाला देतात.

सत्तेचाळीस वर्षांची एक बाई तालुक्याच्या गावातून आली आहे. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी समुपदेशनाला पाठवले आहे. घरी सासूबाईंना चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. नवरा सकाळीच एमआयडीसीत कामावर जातो, नणंद पुण्याला असते. बाई म्हणते, “परवा वन्सं आल्या होत्या. दोन दिवस राहिल्या. जाताना मला म्हणतात, वहिनी, आईची वेणी जरा नीट घालत जा, केसांत गुंता झालाय. मी काय बोलणार? मी आता काही बोलतच नाही कुणाला.”

समोर बसलेली समुपदेशक चोविशीतली आहे. तिच्या ओठांवर पहिले येते ते असे, “तुम्ही एकदा त्यांच्याशी शांतपणे बोलून का बघत नाही?” हा सल्ला आहे आणि तो बाईला जाऊबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी आधीच दिलेला आहे. दुसरी ओढ असते माहिती गोळा करण्याची. सासूबाईंचे वय काय, औषधे कोणती, नणंद किती वेळा येते. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण आत्ता विचारले तर बाई माहिती देणारी होते आणि गुंत्याची गोष्ट तिथेच राहते. तिसरी चूक म्हणजे शब्द तसेच परत करणे, “म्हणजे वन्सं दोन दिवस आल्या आणि वेणीबद्दल बोलल्या.” यावर बाई ‘हो’ म्हणेल आणि गप्प बसेल. तिने जे सांगितले त्यात या वाक्याने काहीच भर घातलेली नाही.

आता हे पाहा. समुपदेशक म्हणते, “वर्षभर सगळं तुम्ही बघता, आणि दोन दिवस आलेल्या माणसाला दिसला तो केसांतला गुंता.”

हे पुनर्कथन झाले. बाईच्या चार-पाच वाक्यांचे एकच वाक्य झाले आहे. ‘गुंता’ हा तिचा शब्द ठेवला आहे, कारण तो तिला बोचलेला शब्द आहे. ‘वर्षभर’ हा शब्द मात्र तिने उच्चारलेला नव्हता. तो तिच्या बोलण्यात होता, ‘दोन दिवस’ या शब्दांच्या पोटात. चांगले पुनर्कथन मूळ बोलण्यापेक्षा लहान असते, त्यातला नेमका कणा उचलते आणि बोलणाऱ्याचे एक-दोन कळीचे शब्द जपते. ‘सासूबाई’ म्हणणाऱ्या बाईला ‘तुमच्या मदर-इन-लॉ’ म्हणून परत केले की संवाद एकदम दवाखान्यात जातो.

आणखी एक बारकावा आहे, तो कागदावर दिसत नाही. हे वाक्य विधान म्हणून संपले पाहिजे. शेवटच्या शब्दावर आवाज खाली उतरला पाहिजे. “दिसला तो केसांतला गुंता?” असे स्वर चढवून म्हटले की तोच अंदाज उलटतपासणी होतो आणि बाई नणंदेची बाजू सावरायला लागते, “नाही, तशा त्या वाईट नाहीत हो.” नव्या माणसाला विधान करायची भीती वाटते, आपण चुकलो तर काय, म्हणून तो प्रत्येक वाक्याच्या शेपटीला ‘का’ लावतो. चुकण्याची एवढी धास्ती नको. विधान चुकले तर माणूस ते आपणहून दुरुस्त करतो आणि दुरुस्त करताना बरेचदा मूळ सांगितल्यापेक्षा जास्त सांगून जातो.

बाई त्या वाक्यावर म्हणते, “तेच तर! रात्री तीन-तीनदा उठते मी. बाथरूमला न्यायचं, कपडे बदलायचे. कधी मलाच म्हणतात, ही कोण बाई घरात शिरली. आणि वन्संना बघून मात्र परवा नावानं हाक मारली.”

अंदाज बरोबर होता हे ‘तेच तर’ या दोन शब्दांवरून कळत नाही. ते कळते त्यानंतर आलेल्या नव्या गोष्टीवरून. वेणीची तक्रार मागे पडली आणि खरी जखम वर आली.

इथे नव्या समुपदेशकाची दुसरी परीक्षा असते. कोणती भावना परत द्यायची? वरवर पाहता नणंदेवरचा राग दिसतो. पण शेवटचे वाक्य म्हणताना बाईचा आवाज उतरला आहे, पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळणे थांबले आहे. रागात माणसाचा आवाज सहसा चढतो. भावना ऐकायची म्हणजे शब्दांबरोबर आवाजाची पट्टी, थांबणे, नजर, श्वास आणि शब्दांशी न जुळणारा चेहरा, हे सगळे एकत्र वाचायचे. समुपदेशक म्हणते, “ते मात्र लागलं तुम्हाला. इतकं करूनही आपण परक्याच.”

भावनेचे नाव बरोबर असून भागत नाही, तिची तीव्रताही जुळावी लागते. “थोडं वाईट वाटलं असेल” हे इथे कमी पडले असते. “तुम्हाला सासूबाईंचा तिरस्कार वाटायला लागलाय” हे कितीतरी जास्त झाले असते. दोन्ही चुका सारख्या नाहीत. विल्यम मिलर आणि स्टीफन रॉलनिक यांनी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातून एक संभाषणपद्धती घडवली आणि १९९१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे व्यवहारी निरीक्षण असे की भावना जरा कमी सांगितली तर माणूस पुढे बोलतो, “थोडं नाही हो, फार लागलं.” जास्त सांगितली तर तो मागे सरतो, “नाही, नाही, तसं काही नाही,” आणि मग आपल्याच भावनेच्या विरोधात बोलू लागतो. म्हणून खात्री नसेल तेव्हा एक पायरी खाली राहणे बरे. आपल्याकडे या पायऱ्या भरपूर आहेत. नाराजी, चीड, राग, संताप यांत प्रत्येकाची जागा वेगळी. तरी सरावाच्या कागदांवर बहुतेक वेळा ‘वाईट वाटलं’ आणि ‘राग आला’ एवढीच दोन नाणी फिरताना दिसतात.

काही जण भावना सांगायचे सोडून विचार सांगतात आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही. “तुम्हाला वाटतं की वन्संनी मदत करायला हवी” या वाक्यात ‘वाटतं’ आहे, पण भावना कुठेच नाही. ते एक मत आहे. पडताळणी सोपी आहे. वाक्यात ‘वाटतं की’ आले तर बहुधा विचार आला. एकटे पडणे, भीती, हेवा, अपमान, थकवा यांपैकी काही आले तर भावना आली.

उलटही घडते. पुष्कळ माणसे भावनेचे नावच घेत नाहीत, शरीराचे सांगतात. छातीत धडधडते, डोके जड होते, पोटात गोळा येतो, कसेतरीच होते. आणि ‘टेन्शन’ तर सगळ्यांना पुरते. कर्जाची लाज, मुलीच्या लग्नाची काळजी, साहेबांवरचा राग, सारे टेन्शनच. अशा वेळी घाईघाईने आपण नाव देऊन टाकू नये. “हप्त्याचा फोन आला की पोटात गोळा येतो” असे आधी त्याच्याच भाषेत, त्या प्रसंगाला जोडून परत द्यावे. माणूस मग स्वतःच पुढे जातो, “शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल असं वाटतं ना.” आता ती काळजी नसून लाज आहे हे दोघांनाही दिसते.

पुन्हा त्या खोलीत येऊ. ‘परक्याच’ हा शब्द ऐकून बाई गप्प झाली. चार सेकंद, पाच सेकंद. नव्या समुपदेशकाला ही शांतता तासभराची वाटते आणि ती काहीतरी बोलून भरून काढते. इथे तिने भरली नाही. बाई म्हणाली, “लागतं हो. पण आजारी माणसाचं काय मनावर घ्यायचं? त्यांना कळतं थोडंच. मलाच माझी लाज वाटते.” एका भावनेखाली दुसरी भावना असते ती अशी. लागले, आणि लागले म्हणून लाज वाटली. समुपदेशक दोन्ही उचलते, “दुखावल्या आहात, आणि दुखावलं म्हणून स्वतःलाच बोल लावताय.”

बाई मान हलवते. बऱ्याच वेळाने म्हणते, “कधी कधी वाटतं, सुटावं एकदाचं.”

आता थांबायचे. हे वाक्य परत द्यायचे नाही. ‘सुटावं’ या क्रियापदाला इथे कर्ताच नाही. कोणी सुटायचे, कशातून? सासूबाईंनी या आजारातून, की बाईने या जगण्यातून? “खूप थकलात तुम्ही, सुटका हवी आहे” असे भावनेचे सुंदर प्रतिबिंब इथे धोक्याचे आहे, कारण त्यामुळे दोन्ही अर्थ झाकलेले राहतात आणि बाईला वाटते की आपले म्हणणे पोहोचले. समुपदेशक सरळ विचारते, “सुटावं म्हणजे, जीव द्यावा असं तुमच्या मनात येतं का?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खरा नाही. उलट विचारणारे कोणी भेटले म्हणून अनेकांना हायसे वाटते. उत्तर ‘हो’ आले असते तर पुढचे सगळे बदलले असते. कधीपासून, काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, घरी सोबत कोण आहे, हे एकेक स्पष्ट विचारावे लागले असते, वरिष्ठांना आणि मनोविकारतज्ज्ञांना लगेच सामील करून घ्यावे लागले असते आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक हातात देऊनच बाईला घरी पाठवावे लागले असते.

बाई दचकून म्हणते, “नाही हो, माझं नाही. त्यांचं. देवानं आता न्यावं त्यांना असं येतं मनात. मीच भरवते, मीच धुते, आणि मीच असं... कुणाला सांगू हे?”

“आजवर कुणालाच सांगता आलं नाही.”

समुपदेशकाचे हे वाक्य किती छोटे आहे ते पाहावे. यात “असं वाटणं साहजिक आहे” असे प्रमाणपत्र नाही, “वाईट वाटून घेऊ नका” अशी समजूत नाही. दोन्ही वाक्ये प्रेमाने म्हटली जातात, पण दोन्हींचा परिणाम दार लोटून घेतल्यासारखा होतो. धीर द्यायचाच असेल तर तो नंतर देता येतो. बाईने आत्ता जे सांगितले त्यात सासूबाईंच्या मरणाच्या इच्छेइतकेच वजन ‘कुणाला सांगू’ या शब्दांना होते.

चाळीसेक मिनिटे झाल्यावर सारांशाची वेळ येते. सारांश सत्राच्या शेवटीच सांगायचा असतो असा एक समज आहे. बोलणे एका विषयावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा, माणूस गोंधळून तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागतो तेव्हा, किंवा पुढच्या भेटीच्या सुरुवातीलाही तो उपयोगी पडतो. समुपदेशक म्हणते, “मी काय ऐकलं ते सांगते, चुकलं तर मला थांबवा. चार वर्षं रात्रंदिवस तुम्ही सासूबाईंचं करताय. त्या कधी तुम्हालाच ओळखत नाहीत, आणि ते लागतं. वन्सं दोन दिवस येऊन चूक दाखवतात, तेव्हा तुम्ही गप्प बसता. तुम्ही त्यांना मायेनं भरवता, आणि हे संपावं असंही मनात येतं. आणि हे मनात येतं याचीच तुम्हाला लाज वाटते. यात काही राहिलं का?”

यातला ‘आणि’ मुद्दाम आहे. “मायेनं भरवता, पण हे संपावं असं मनात येतं” असे म्हटले की दुसरा भाग पहिल्याला खोडून काढतो आणि बाई आरोपी होते. ‘आणि’मुळे दोन्ही गोष्टी शेजारी बसतात. परस्परविरोधी भावना एकाच मनात एकाच वेळी राहू शकतात, हे व्याख्यान देऊन सांगण्यापेक्षा असे ऐकवणे अधिक पोहोचते.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे शेवटचा प्रश्न. तो रीतीपुरता नसतो. बाई जरा विचार करून म्हणते, “राहिलं ते ह्यांचं. परवा वन्सं बोलल्या तेव्हा हे तिथंच बसले होते. एक शब्द बोलले नाहीत.” चाळीस मिनिटांत नवऱ्याचे नाव फक्त कामाच्या वेळा सांगताना आले होते. “मी आता काही बोलतच नाही कुणाला” यातला ‘कुणाला’ नेमका कोण, ते आता समजले. पुढची भेट कुठून सुरू करायची हेही ठरले.

हा सारांश निर्मळ, निःपक्षपाती आरसा आहे असे मात्र कोणी समजू नये. समुपदेशकाने काय घेतले आणि काय गाळले, यात तिचा कल आहेच. बाईने मध्येच सांगितलेली गुडघेदुखी तिने सोडून दिली. हा आक्षेप जुना आहे आणि तो थेट रॉजर्सवरच घेतला गेला. चार्ल्स ट्रूॲक्स यांनी १९६६ मध्ये रॉजर्सच्या एका दीर्घकाळ चाललेल्या केसच्या मुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रॉजर्सची समजूत आणि जिव्हाळा सगळ्या बोलण्यावर सारखा बरसत नव्हता, काही प्रकारच्या बोलण्याला तो जास्त मिळत होता, असे त्यांना आढळले. म्हणजे ‘मी दिशा देत नाही’ म्हणणाराही दिशा देत होता. या निष्कर्षाने पद्धत निकालात निघत नाही. पण आपण कुठे मान डोलावतो आणि कुठे ऐकून सोडून देतो याचा हिशेब प्रत्येक समुपदेशकाने ठेवायला हवा हे त्यातून नक्की होते.

आणि माणूस सरळच सल्ला मागू लागला तर? आपल्याकडे तो मागतोच. “मॅडम, तुम्हीच सांगा मी काय करू.” १९६५ मध्ये प्रदर्शित झालेल्या एका प्रसिद्ध प्रशिक्षणपटात ग्लोरिया नावाची घटस्फोटित तरुणी एकामागून एक तीन चिकित्सकांना भेटते. रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. यांपैकी एलिसशी मराठी वाचकाची चांगली ओळख आहे, ती प्रामुख्याने कि. मो. फडके यांच्यामुळे. त्यांनी एलिसची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठीत रुजवली. एलिसच्या रीतीत चिकित्सक वाद घालतो, चुकीचा विचार दाखवून देतो. रॉजर्सची चाल वेगळी. ग्लोरिया त्याला विचारते की घटस्फोटानंतर माझे पुरुषांशी संबंध आले हे मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सांगावे का? ती उत्तरासाठी त्याला पुन्हा पुन्हा कोंडीत पकडते. रॉजर्स उत्तर देत नाही, पण प्रश्न झटकूनही टाकत नाही. उत्तर देता आले असते तर बरे झाले असते अशी आपली इच्छा तो बोलून दाखवतो आणि मग ग्लोरियाच्या मागणीखालची गोष्ट उचलतो. तिला स्वतःला जे करावेसे वाटते आहे त्याला कोणीतरी परवानगी द्यावी असे तिला हवे आहे.

रॉजर्सचे हे वागणे सगळ्याच मागण्यांना लागू करणे मात्र शहाणपणाचे नाही. त्या बाईने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची रात्रीची झोप कशी सुधारावी असे विचारले असते, तर तिला माहिती द्यायला हवी किंवा माहिती असणाऱ्याकडे पाठवायला हवे. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षिततेचे बघायला हवे. आणि एखादा माणूस तेच दुःख त्याच शब्दांत पाचव्या भेटीतही उगाळत असेल, तर त्याची भावना पाचव्यांदा परत देण्याने तो चर आणखी खोल होतो. तिथे प्रश्न विचारावा, वेगळे काही सुचवावे, कधी विरोधही करावा.

आपण बरे ऐकतो की नाही हे समुपदेशकाला स्वतःला सहसा कळत नाही. रॉबर्ट एलियट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ८२ गटांतल्या सहा हजारांवर लोकांची आकडेवारी एकत्र केली. समुपदेशकाची समजूत आणि उपचाराचा गुण यांत मध्यम पण स्पष्ट संबंध दिसला. सेवार्थी स्वतः किंवा मुद्रण ऐकणारा तिसरा माणूस समुपदेशकाला जे गुण देतो, ते परिणामाशी बऱ्यापैकी जुळतात. समुपदेशकाने स्वतःला दिलेले गुण त्यामानाने कमी जुळतात.

म्हणून मुद्रणाची जुनी सवय आजही सुटलेली नाही. सेवार्थीची लेखी संमती घ्यायची, फोन टेबलावर दिसेल असा ठेवायचा, घरी जाऊन दहा मिनिटांचा भाग शब्दशः लिहून काढायचा आणि काम झाले की मुद्रण पुसून टाकायचे. मग मोजायचे. मिलर-रॉलनिक पद्धतीचे परीक्षक एका प्रश्नामागे एक प्रतिसाद असेल तर ठीक म्हणतात, एका प्रश्नामागे दोन प्रतिसाद असतील तर चांगले. नव्या माणसाच्या कागदावर सुरुवातीला हे उलटे असते. प्रश्नामागून प्रश्न आणि मध्येच कुठेतरी एखादे ‘अच्छा, अच्छा’.

मोजण्याहून उपयोगाचे काम दुसरे आहे. आपल्या प्रत्येक प्रतिसादानंतर समोरच्याचे पुढचे वाक्य लाल शाईने अधोरेखित करायचे. आपल्याकडे माणसे ‘मॅडम’ना नाही म्हणायला कचरतात, म्हणून नुसत्या ‘हो’वर विश्वास ठेवायचा नाही. ‘हो, बरोबर’ म्हणून माणूस थांबला तर बहुधा आपण त्याचेच शब्द परत केले होते किंवा त्याला आपले मन मोडायचे नव्हते. ‘हो, पण’ आले तर आपण कुठेतरी पुढे धावलो होतो. ‘तसं नाही, म्हणजे...’ ही चूक वाटते, पण त्यानंतर नवे काही आले असेल तर अंदाज वाया गेलेला नाही. आणि ‘हो’नंतर किंवा ‘हो’ न म्हणताच एखादे नवे नाव, नवा प्रसंग, आधी न सांगितलेली गोष्ट आली असेल, तर त्या ओळीच्या वरची आपली ओळ पुन्हा वाचायची. वर्गात पर्यवेक्षक त्याच ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, इथे तू काय ऐकलं होतंस?